त्याला जरा सांभाळून घ्या

हे आजवर मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही, आणि ज्याला सगळ्यात आधी सांगायला पाहिजे होतं त्याला तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — मिलिंदलाही ओळखत नाही. ओळखत असता तर मला बोलूच दिलं नसतं. म्हणाला असता, काय राव सर्जेराव, तुमच्या दोस्तीची तर कारखान्यात उदाहरणं देतात!

देतात, खरं आहे. नवीन माणूस कामाला लागला की त्याला आमची गोष्ट सांगतात. एका जागेसाठी दोघं उभे होते, पण चहा कधी वेगळा घेतला नाही. चहा वेगळा घेतला नाही, हेही खरं. पण त्या गोष्टीत एक वाक्य कमी आहे, आणि ते फक्त मला आणि आमच्या इनामदार साहेबांना माहीत होतं. साहेब आता रिटायर होऊन सांगलीला मुलाकडं राहायला गेले.

सांगतो. पण आधी त्याच्या उपकाराचं बोलू द्या. नाहीतर ते राहून जाईल, आणि मला ते राहू द्यायचं नाही.

शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत आमची फाउंड्री. ट्रॅक्टरच्या इंजिनाचे, गिअरबॉक्सचे बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे भाग आम्ही ओततो. वितळलेलं बीड वाळूच्या साच्यात ओतायचं, थंड झालं की वाळू झाडायची, आणि मग आमचं, म्हणजे क्वालिटीवाल्यांचं काम सुरू. भाग पास की रिजेक्ट, आणि रिजेक्ट तर का. मी कोडोलीचा, मिलिंद राधानगरीकडच्या एका खेड्यातला. दोघांचा एकाच पॉलिटेक्निकचा डिप्लोमा, दोघं एकाच दिवशी ट्रेनी म्हणून लागलो. इंजिनिअर झालो बरोबर, सीनियर इंजिनिअर झालो बरोबर. कामाला यायचो एकाच मोटारसायकलवरनं, एक आठवडा त्याची, एक आठवडा माझी. तो चालवायला लागला की मी मागं बसून डुलक्या काढायचो. इतका भरवसा.

मला शुगर निघाली तेव्हा पहिल्यांदा त्याला कळलं, घरी नंतर. गोळी घेऊन उपाशी पोटी शॉपमध्ये, म्हणजे ओतकामाच्या शेडमध्ये आलतो, आणि मोल्डिंग लाइनच्या शेजारी अंधारी येऊन सपशेल पालथा पडलो. डोळे उघडले तर वाळूत मिसळायच्या बेंटोनाइट मातीच्या पोत्यांवर मला बसवलेलं, आणि मिलिंद चहात साखर ढवळत लोकांवर ओरडतोय, "काय बघताय? वाळूवरनं पाय घसरलाय त्याचा. चला, कामाला लागा!" फर्नेसच्या जवळ काम करणारा माणूस चक्कर येऊन पडतो हे ऑफिसात कळलं असतं तर मला टेबलाच्या कामाला बसवलं असतं. त्या दिवसापासून त्याच्या शर्टाच्या खिशात गुळाचा खडा असायचा. त्याला स्वतःला गोड आवडत नाही. खिसा चिकट व्हायचा, वहिनी शिव्या घालायच्या, पण गुळाचा खडा चुकला नाही. असा माणूस.

आता ती जागा.

आमचे क्वालिटी मॅनेजर रिटायर होणार होते. सात-आठ वर्षं झाली त्याला. बाहेरचा माणूस आणायचा नाही, आतलाच घ्यायचा, असं मालकांनी ठरवलं, आणि आतले म्हणजे आम्ही दोघंच. नोटीस बोर्डावर कागद लागला. आता तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात, यंदा नाही तर पुढच्या वेळी! पण पुढची वेळ नसते हो. आमच्यासारख्या कारखान्यात मॅनेजरची एकच खुर्ची असते. मी चाळिशी ओलांडलेली, तोही तेवढाच. ज्याला मिळणार तो रिटायर होईपर्यंत तिथं बसणार, आणि दुसरा तेवढीच वर्षं त्याच्या सहीसाठी दारात उभा राहणार. हे आम्हाला दोघांनाही माहीत होतं. नोटीस आम्ही दोघांनी शेजारी उभं राहून वाचली. मिलिंद म्हणाला, "फॉर्म दोघंबी भरू. ज्याला मिळंल त्याला मिळंल. आणि ह्यावर बोलायचं न्हाय." मी म्हणालो, "व्हय. बोलायचं न्हाय."

आणि खरंच बोललो नाही. पण न बोलण्यात किती गोष्टी बसतात, बघा. आधी आम्ही एकमेकांना कधी 'थँक्यू' म्हटलं नव्हतं, ते म्हणायला लागलो. मीटिंगमध्ये त्यानं काही मांडलं की मी सगळ्यांच्या आधी मान डोलवायचो, जरा जास्तच. कुणी म्हणायला नको, सर्जेराव जळतोय. तोही माझ्या बाबतीत तसंच करायचा. टपरीवर आम्ही पूर्वीपेक्षा मोठ्यानं हसायला लागलो. आमच्यातला एक साहेबांच्या केबिनमधनं बाहेर आला की दुसरा सहज, अगदी सहज विचारणार, "काय म्हणत होते?" आणि उत्तर ठरलेलं, "काय न्हाय, डिस्पॅचचं." रोज कुठलं एवढं डिस्पॅच असतंय? त्याच्या ईमेलवर साहेबांनी 'वेल डन' लिहिलेलं दिसलं की माझं जेवण उतरायचं नाही. मग मी जाऊन त्याच्या पाठीवर थाप मारायचो. थाप खरी होती का? होती की. जळणंही खरं होतं. दोन्ही एकाच हातात होतं, ते कसं सांगू तुम्हाला?

डबा मात्र एकत्रच. त्याच्या डब्यातली सुकटीची चटणी मी खायचो आणि माझ्या बायकोचा झुणका तो पुसून खायचा. जेवताना पोरांच्या शाळेचं, पावसाचं, गावाकडचं बोलायचं. खुर्ची सोडून सगळं.

निवड कशी करायची ते वर्क्स मॅनेजर इनामदार साहेबांच्या हातात. त्यांनी सरळ पद्धत ठेवली. फॉर्ममध्ये स्वतःच्या कामाचं मूल्यमापन स्वतः लिहायचं. मागच्या वर्षांचे शेरे बघायचे. आणि दोघांना एकेक अवघड भाग द्यायचा, तीन महिन्यांत त्याचं रिजेक्शन खाली आणायचं आणि मालकांपुढं मांडायचं. मिलिंदला ब्रेक ड्रम आला, मला गिअरबॉक्सचं हाउसिंग, म्हणजे त्याचं बाहेरचं कवच. शेरे दोघांचे सारखे, हजेरी सारखी. तेव्हा राहिलं काय? हे तीन महिने. आणि शेवटी साहेबांचं मन.

माझं हाउसिंग म्हणजे डोकेदुखी. मशीनवर घासायला घेतलं की आत भोकं निघायची. गिऱ्हाईक परत पाठवायचं. आमच्यात रिवाज असा, की बुधवारी दुपारी रिजेक्शन यार्डात जायचं, खराब भाग घणानं फोडायचे आणि आत बघायचं. मी दीड महिना फोडत होतो. वाळू बदलून बघितली, ओतायचं तापमान वरखाली करून बघितलं. काही नाही. एका बुधवारी मिलिंद स्वतःचं काम टाकून माझ्याजवळ येऊन उकिडवा बसला. भोकात करंगळी घातली, फिरवली. म्हणाला, "गुळगुळीत हाय. आकसून पडलेलं न्हाय हे, हवेचं हाय. कुठल्या वाराचं ओतलेलं?"

वार? वार कशाला बघायचा, असं मला वाटलं. वही काढली. मंगळवार. दुसरा भाग, मंगळवार. तिसरा, मंगळवार.

आमची साप्ताहिक सुट्टी सोमवारची. साच्यात पोकळी ठेवायला वाळूचा गाभा बसवतात, त्याला आम्ही कोर म्हणतो. त्या कोरला वरनं एक लेप देतात आणि तो ओव्हनमध्ये वाळवतात. आमची माणसं मंगळवारी सकाळी घाई नको म्हणून रविवारीच कोर लेप देऊन, वाळवून ठेवायची. सोमवारभर ते तसेच पडून. पावसाळ्याचे दिवस, शेडमध्ये ओल, कोर ती ओल पिऊन घ्यायचे. मंगळवारी त्यांच्यावर तापलेलं बीड पडलं की पाण्याची वाफ, आणि वाफेचं भोक. एवढंच होतं. सुट्टीच्या आदल्या दिवशी कोर तयार करायचे नाहीत, आणि केलेच तर वापरायच्या आधी पुन्हा ओव्हनला घालायचे. दोन आठवड्यांत माझं हाउसिंग सुधारलं.

त्यानं हे मला का सांगितलं? गप्प बसला असता तर त्याला काय बिघडत होतं? त्याचा ब्रेक ड्रम आधीच सुधारला होता. मी त्याला असं विचारलंही नाही. मालकांपुढं मांडताना मी म्हणालो, "आम्ही टीमनं याचा अभ्यास केला." टीम! मिलिंद मागच्या खुर्चीवर बसला होता. टाळ्या वाजवल्या त्यानं. हा पहिला चोरटेपणा, पण मी सांगायला बसलो ते हे नव्हे. याच्यासाठी मी तुमचा वेळ घेतला नसता. श्रेय तर सगळेच ढापतात.

त्याच दिवसांत मिलिंदच्या आईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. गावात त्या आणि मिलिंदची विधवा बहीण. दवाखान्यातनं घरी आणलं, पण उठवणं, बसवणं, कूस बदलणं सगळं दुसऱ्यानं करायचं. मिलिंद रविवारी शिफ्ट संपली की तसाच गावाकडं जायचा आणि मंगळवारी पहाटे निघून थेट कामावर. मी मावशींना, त्याच्या आईला बघून आलतो. त्या मला ओळखायच्या, डाव्या हातानं माझा हात धरून ठेवला होता. परत येताना मिलिंद गाडी बाजूला घेऊन थांबला आणि म्हणाला, "सर्जा, हे ऑफिसात कुणाला बोलू नकोस. जागेचं चाललंय. साहेबांच्या डोक्यात उगंच शिरंल, हा घरच्या व्यापात हाय, ह्याला जमायचं न्हाय. मी निभावतोय न्हवं?"

मी त्याच्या गळ्याची शपथ घेतली. शपथ घ्यायला त्यानं सांगितलंही नव्हतं.

आता आलो त्या जागेवर. बघा, किती लांबनं आलो.

मांडणी होऊन चार दिवस झाले असतील. इनामदार साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घ्यायला सांगितलं. चहा मागवला. साहेब भला माणूस, आडपडदा नाही. म्हणाले, "सर्जेराव, मी अडकलोय. दोघंही सारखे. काट्यावर ठेवले तर काटा हलत नाही. पण ही खुर्ची म्हणजे बॅग भरून ठेवायचं काम. गिऱ्हाईकाचा फोन आला की पुणं असो, पार तमिळनाडूतलं होसूर असो, त्याच दिवशी निघायचं, आठवडा आठवडा तिथं राहायचं. तुम्ही मिलिंदला जवळनं ओळखता. त्याला हे जमेल ना?"

काय उत्तर होतं याचं? 'जमेल साहेब.' दोन शब्द. मला येत होते ते.

आणि मी म्हणालोही तेच. "जमेल की साहेब, का नाही जमणार?" इथं थांबलो असतो तर आज तुमच्यासमोर बसलो नसतो. पण मी थांबलो नाही. चहाचा कप खाली ठेवला — आवाज न करता ठेवला, तेसुद्धा आठवतंय — आणि आवाज खाली आणून म्हणालो, "फक्त... मी सांगितलं म्हणून सांगू नका साहेब. त्याच्या आईला अर्धांगवायू झालाय. दर सुट्टीला गावाकडं पळतोय. फार ओढाताण होतीय हो त्याची. बोलून दाखवणार नाही तो. त्याला जरा सांभाळून घ्या."

यात एक अक्षर खोटं नाही, हे तुमच्या लक्षात आलं? मी त्याची निंदा केली नाही. कामात खोट काढली नाही. उलट माझ्या डोळ्यांत पाणी होतं! साहेब माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "असा मित्र पाहिजे." आणि मी मान खाली घातली, लाजल्यासारखी.

मला माहीत होतं. हेच सांगायचं होतं मला इतकी वर्षं. मला ते नकळत बोललं गेलं नाही, जीभ घसरली नाही. साहेबांनी 'होसूर' म्हटलं त्या क्षणाला माझ्या डोक्यात मावशींची खाट आली आणि मला कळलं, की हे आत्ता सांगितलं तर जागा माझी. हे कळलं, आणि मग मी आवाज खाली आणला. काळजीचा आवाज काढला. तो काढताना थोडी काळजी खरोखर आलीही असेल, पण ती मागनं आली. आधी काय आलं ते मी बघितलंय, कारण ते माझ्याच डोक्यात होतं.

साहेबांनी त्याला सांभाळून घेतलं. दुसऱ्या दिवशी मिलिंदला बोलावून त्याची जनरल शिफ्ट करून दिली, साठलेली रजा एकदम मंजूर केली, वर म्हणाले, आईकडं बघा, इथलं आम्ही बघतो. मनापासनं केलं त्यांनी. आणि पुढच्या आठवड्यात मॅनेजरचं पत्र माझ्या हातात दिलं.

मिलिंद रजेवर होता. पत्राचं कळल्यावर गावाहून दोन तासांची वाट तुडवून माझ्या घरी आला. मी दार उघडलं. मनात म्हटलं, आता हा विचारणार. सांगू नको म्हटलं होतं, का सांगितलंस? विचार बाबा, विचार एकदाचं. त्यानं काय करावं? हातातली पेढ्यांची पुडी माझ्या बायकोकडं दिली, मला मिठी मारली आणि माझ्या कानाशी म्हणाला, "साहेबांनी न्हाय सांगितलं, पर मला कळलं रं. तुझ्याबिगर कुणाला म्हाईत होतं? मी नको म्हणत होतो ते माझ्या गाढवपणानं. तू माझं ऐकलं न्हाईस, लई बरं केलंस. आईजवळ हाय मी आता."

मी काय म्हणालो? "चल, जेवून जा."

मावशी पुढं चार महिने जगल्या. शेवटचे पंधरा दिवस मिलिंद खाटेजवळनं हलला नाही. गेल्या तेव्हा त्यांचं डोकं त्याच्या मांडीवर होतं. मातीला मी गेलो होतो. तिथं, स्मशानातनं परत फिरताना, त्यानं सगळ्या पाहुण्यांसमोर माझ्याकडं बोट दाखवलं आणि सांगितलं, ह्याच्यामुळं मला आई मिळाली शेवटी. त्याची बहीण पदर डोळ्याला लावून माझ्याकडं बघत होती. कुणाला सांगता आलं असतं तिथं? आणि हेच माझं लपायचं ठिकाण झालं. मनात टोचायला लागलं की म्हणायचं, अरे पण चांगलंच झालं की! त्याला आई मिळाली! मिळाली, ती साहेबांच्या भलेपणानं मिळाली. मी ती द्यायला केबिनमध्ये गेलो नव्हतो. मी खुर्ची घ्यायला गेलो होतो.

खुर्चीवर बसलो. वाईट काम केलं नाही, हेही सांगतो. मिलिंद माझ्या हाताखाली, पण त्यानं मला कधी तसं वाटू दिलं नाही. चारचौघांत 'साहेब', मोटारसायकलवर 'सर्जा'. पहिल्या वर्षी होसूरला गिऱ्हाईकाच्या ऑडिटला माझी गाळण उडाली होती, तेव्हा रात्रभर नव्हे, अख्खा आठवडा त्यानं इथून एकेक कागद शोधून पाठवला. माझ्या बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात गुळाची डबी कुणी ठेवली होती ते सांगायला नको. माझं नाव झालं त्यातलं निम्मं त्याचं आहे. आभार मानतो मी त्याचे, खरंच मानतो, रोज मानतो — पण तोंडानं मानायला गेलो की पुढचं वाक्य ओठाशी येतं, म्हणून तोंड मिटतो.

आणखी एक आहे. इनामदार साहेब रिटायर झाले तेव्हा निरोपाच्या जेवणानंतर मला बाजूला घेऊन गप्पा मारत होते. सहज म्हणाले, "तुम्हाला विचारलं तसं मी मिलिंदलाही विचारलं होतं बरं का तेव्हा, तुमच्याबद्दल. कुणीतरी माझ्या कानावर घातलं होतं, सर्जेराव शॉपमध्ये चक्कर येऊन पडले म्हणून. मिलिंद म्हणाला, छे साहेब, वाळूवरनं पाय घसरला, मी समोरच होतो. वर म्हणाला, सर्जा बाहेरगावी असला की गिऱ्हाईक निवांत आणि इथं असला की मी निवांत." साहेब हसले. "दोघंही एकमेकांची बाजू घेणारे. मला असं कधी बघायला मिळालं नाही."

म्हणजे त्यालाही केबिनमधल्या त्याच खुर्चीत बसवलं होतं. त्याच्यासमोरही चहा आला असेल. माझी शुगर त्याच्या हातात होती. त्यानं नुसतं खरं बोलायचं होतं, माझ्यासारखंच खरं, माझ्यासारख्याच काळजीच्या आवाजात. 'साहेब, त्याला जरा सांभाळून घ्या.' जागा त्याची झाली असती. तो खोटं बोलला. मी त्या मंडपात उभा होतो, हातात आइस्क्रीमची वाटी. त्या दिवशी सांगायचं ठरवलं होतं. मोटारसायकलवर त्याच्या मागं बसलो. तावडे हॉटेलच्या चौकापर्यंत तोंड उघडलं, मिटलं. माझ्या घराशी आलो. तो म्हणाला, "उद्या तुझी गाडी." मी म्हणालो, "व्हय."

मला भीती कशाची वाटते, माहितीय? तो चिडेल याची नाही. चिडला तर बरंच. तो समजून घेईल याची. 'असू दे रं' म्हणेल. आणि नंतर कधीतरी एकटा बसून आईच्या त्या चार महिन्यांकडं बघेल, तर तिथं मी उभा दिसेन. ते दिवस मी नासवीन. असं मी स्वतःला सांगतो. पण हाही आडोसाच असेल. इतकी वर्षं आडोसे शोधणाऱ्या माणसाचं काय खरं धरता? गप्प राहण्यात माझी सोय आहे, एवढं मात्र पक्कं.

परवाच्या सोमवारचं सांगतो आणि थांबतो. मिलिंदची लेक प्रज्ञा इंजिनिअर झाली, पुण्याच्या एका कंपनीत लागली. दुसऱ्या दिवशी जाणार म्हणून त्यानं आम्हाला जेवायला बोलावलं. तांबडा-पांढरा रस्सा, सगळा बेत. जेवणं झाल्यावर मिलिंद लेकीला म्हणाला, "नोकरी कर, पर तुझ्या सर्जाकाकावाणी कर. एका जागेला दोघं हुबं होतो आम्ही. तरी ह्यो गडी माझ्या आईसाठनं साहेबाकडं गेला." पोरीनं ही गोष्ट शाळेत असल्यापासनं ऐकलेली. वहिनी हसून म्हणाल्या, झालं सुरू ह्यांचं. मीही हसलो.

पण प्रज्ञा आता लहान नाही. ती आत पाणी आणायला गेली नाही, माझ्याजवळ सतरंजीवर येऊन बसली आणि हळूच विचारलं. चेष्टेनं नाही, तिला खरंच कळून घ्यायचं होतं. तिच्याबरोबर कॉलेजातली एक मैत्रीण त्याच कंपनीत लागलीय, आणि दोघींतली एकच पुढं जाणार हे तिला आत्तापासनंच दिसत होतं. म्हणाली, "काका, खरं सांगा हं. साहेबांना ते सांगताना, एकदाही, जरासंसुद्धा मनात आलं नाही, की आता जागा मला मिळेल म्हणून?"

मिलिंद पलीकडं सुपारी कातरत होता. त्याचे हात थांबले नव्हते. त्याला उत्तर माहीतच होतं ना.

पोर माझ्या तोंडाकडं बघत होती. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"न्हाय बाळ," म्हणालो, "मनात काय बी आलं न्हाय."